मदत हवी आहे: फेज शिफ्टिंग ट्रान्सफॉर्मर कुठल्या लाईनीत बसवावा?

जय खान्देश मंडळी! धुळ्यात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टचं गणित एका जागी अडलंय. आकडे कल्पित आहेत.

दोन सबस्टेशनांमध्ये २२० केव्हीच्या दोन समांतर लाईनी, रिॲक्टन्स २० आणि ४० ओहम. एकूण ३०० मेगावॅट. वीज काही आपलं ऐकत नाही, त्यामुळे आखूड लाईनीवर २०० आणि लांब लाईनीवर १००. मला दोन्हीकडे १५० हवेत. लांब लाईनीत कोन सुमारे ३.५ अंश पुढे सरकवला की जमतं.

पण ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा रिॲक्टन्स १० ओहम धरला, तर शून्य टॅपवर वाटणी आणखी बिघडते, २१४ आणि ८६! मग ५.३ अंश लागतात. तोच आखूड लाईनीत घालून कोन मागे घेतला, तर हे १० ओहम उलट मदतीला येतात आणि १.८ अंशात काम भागतं.

मग लांब लाईनीत तो कुणी का बसवेल? आखूड लाईन ट्रिप झाल्यावरचा लोड, की टॅपचेंजरची मर्यादा? सबस्टेशनला काम केलेल्या दादा-ताईंनी जरा सांगा.