अनुभव धागा : बाण रेखाटलेला फोटो वर्गात कसा तपासून घेता?

खडूफळा
आज सकाळी बहानगाचा तो बाणाचा फोटो परत एका ग्रुपवर दिसला, म्हणून हा धागा.

२ जून २०२३ ला ओडिशात बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्थानकापाशी कोरोमंडल एक्सप्रेस मालगाडीवर आदळली. तिचे डबे यशवंतपूर–हावडा गाडीवर गेले. जवळजवळ तीनशे माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी वरून घेतलेला एक फोटो फिरायला लागला. घसरलेले डबे, रुळांजवळ एक पांढरी इमारत, तिच्याकडे दाखवणारा बाण आणि 'काल शुक्रवार होता' एवढाच मजकूर. इमारत मशीद आहे असं काहींनी लिहिलं होतं, काहींनी तेही लिहिलं नव्हतं.

धर्मांविषयीच्या खोट्या पोस्ट ओळखायला शिकवताना अकरावी-बारावीला हाच फोटो घ्यावा असं माझं ठाम मत आहे. कारण त्यात लिहिलेलं वाक्य खरं आहे. २ जूनला शुक्रवारच होता.

'खरं की खोटं?' हा प्रश्न आधी विचारायचाच नाही. मुलं दोन सेकंदांत हात वर करतात आणि तिथेच तास संपतो. आधी पोस्ट काय काय सांगते ते कागदावर उतरवून घ्यायचं, न लिहिलेलं सुद्धा. चौघांचा एक गट, दहा मिनिटं. तीन वाक्यं निघतात. ती इमारत मशीद आहे. त्या दिवशी शुक्रवार होता. आणि तिसरं, जे पोस्टमध्ये कुठेच नाही पण वाचणाऱ्याच्या डोक्यात उमटतं: मशिदीत जमलेल्यांनी गाडी पाडली. हे तिसरं वाक्य मुलांना पूर्ण, कर्ता-कर्म-क्रियापदासकट लिहायला लावा. ते लिहिलं की पुरावा कुठे आहे हे त्यांचं त्यांनाच विचारावंसं वाटतं. बाण काढणाऱ्याने ते वाक्य लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते सिद्ध करावं लागलं असतं.

मग फोन काढायचे. गटात एक पुरे. तुम्ही पुढच्या पायऱ्या कशा घेता ते लिहा. कुठे अडतं तेही.

आबोली
वाचतेय. पोळ्या झाल्या की सविस्तर लिहिते.

निखिल२१
सोपं आहे. गुगल लेन्सला फोटो द्यायचा. आधीचा कुठला सापडला नाही तर फोटो खरा.

खडूफळा
निखिल, अर्धं बरोबर आहे. जुना फोटो नव्या घटनेला चिकटवला असेल तर लेन्स पकडून देतं. इथे फोटो त्याच अपघाताचा, त्याच दिवसांतला. लेन्स तसंच सांगणार आणि मूल म्हणणार, 'सर, खरा आहे.' फोटो खरा, सांगणं खोटं, असा हा प्रकार.

इथे लेन्सचा उपयोग वेगळा. त्याच जागेचे दुसऱ्या कोनातून घेतलेले, मोठे, न कापलेले फोटो शोधायचे. फिरलेली प्रत पुढे पाठवून पाठवून इतकी पुसट झालेली असते की शिखर घुमटासारखं दिसतं. स्पष्ट फोटोत ते देवळाचं शिखर आहे हे कळतं.

माधवी_डोंबिवली
इस्कॉनचं मंदिर आहे ते. तेव्हाच बातम्यांत आलं होतं. ओडिशा पोलिसांनीही ४ जूनला जाहीर इशारा दिला होता, अपघाताला धार्मिक रंग देऊ नका, कारवाई करू.

आबोली
आले. नकाशाची पायरी मी लिहिते, मुलं तिथे सगळ्यात जास्त रमतात.

गुगल मॅप्सवर `Bahanaga Bazar railway station` टाकायचं आणि उपग्रह दृश्य लावायचं. इमारतीचं नाव लगेच बघू द्यायचं नाही. आधी रूळ, रस्ता, शेतं, झाडांचा पट्टा या खुणा फोटोशी जुळवायच्या. निदान तीन जुळल्या की मग इमारतीवर बोट ठेवायचं. हा क्रम उलटा झाला तर मुलं आधी नाव वाचतात आणि मग खुणा ओढूनताणून जुळवतात.

आणि नकाशावरच्या नावावर डोळे मिटून विश्वास नको. पोस्ट गाजली की लोक जाऊन नावं बदलायला लागतात. म्हणून घटनेच्या आधीचं काही शोधायचं. मॅप्सवर त्या जागेचे जुने फोटो आणि अभिप्राय बघायचे, किंवा साध्या शोधात असं टाकायचं:

```
Bahanaga ISKCON before:2023-06-02
```

यातही एक अडचण आहे. तारीख गुगल स्वतः ठरवतं आणि ती कधी कधी चुकते. पान उघडून आतली तारीख वाचायलाच लावते.

कोकणी मेवा
आमच्याकडे फोन बंदी आहे, ६० मुलं एका वर्गात. कसं करू?

आबोली
छापून न्या. पुसट प्रत, स्पष्ट फोटो आणि उपग्रह दृश्याचा स्क्रीनशॉट, तिन्ही एका ए-फोर कागदावर. १५ गटांना १५ कागद. काळ्या-पांढऱ्या छपाईत शिखर पुसट येतं, म्हणून तो एक फोटो तरी मोठा घ्या.

रूळकरी
सिग्नल खात्यात आयुष्य गेलं, म्हणून एक राहिलेली गोष्ट लिहितो. सगळे इमारत कुठली यावर थांबले. अपघात का झाला हे कोण विचारणार?

मेन लाइनला सिग्नल हिरवा मिळाला, पण पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा भाग, बाजूच्या लूप लाइनकडे लागलेला होता. लूपवर मालगाडी उभी. चालकाने सिग्नल पाळला आणि गाडी लूपमध्ये गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत बोट सिग्नलच्या वायरिंगकडे दाखवलं गेलं. आधी कधीतरी झालेली चुकीची जोडणी आणि त्या दिवशी फाटक क्रमांक ९४ च्या बॅरियरसाठी चाललेलं काम. रुळाबाहेरच्या इमारतीतून कुणी हे करू शकत नाही. ती जोडणी रेल्वेच्याच ताब्यातल्या सिग्नलच्या पेट्यांमध्ये असते.

मुलांना हे सांगा. खरं कारण कळलं की खोट्या कारणाला जागा उरत नाही.

खडूफळा
रूळकरी काका, फार मोलाचं लिहिलंत. फक्त पहिल्या दोन दिवसांत हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं आणि पोस्ट नेमकी तेव्हाच पसरते. त्या ४८ तासांत मुलाने काय लिहावं? मी 'कारण अजून ठाऊक नाही' हे पूर्ण गुणांचं उत्तर धरतो. ते लिहायला मुलं फार कचरतात.

सरिता ताई
मंदिर निघालं म्हणून पोस्ट खोटी, इथे तास संपवू नका अशी कळकळीची विनंती. मग मुलांच्या मनात राहतं की मशीद असती तर संशय रास्त होता! फळ्यावर विचारा, 'समजा ती खरंच मशीद असती. मग तिसरं वाक्य सिद्ध झालं का?' रुळांशेजारी मंदिरं, मशिदी, चर्च, शाळा, सगळं असतं. इमारत तिथे असणं हा कशाचाच पुरावा नाही.

खडूफळा
ताई, हा प्रश्न तासात हवाच. माझ्या आराखड्यात तो शेवटच्या पाच मिनिटांत कोंबलेला असतो. चूक आहे, पुढे घेतो.

निखिल२१
पण मुस्लिम स्टेशन मास्तर पळून गेला होता ना? आणि नंतर अटकही झाली. म्हणजे सगळंच खोटं नव्हतं.

माधवी_डोंबिवली
निखिल, दोन गोष्टी एकत्र होतायत. स्टेशन मास्तर म्हणून फिरलेला फोटो आंध्रातल्या बोर्रा गुहालू स्थानकातला, २००४ सालचा. त्याला शरीफ असं नाव चिकटवलं होतं. दक्षिण पूर्व रेल्वेने तेव्हाच सांगितलं की कुणीही फरार नाही, सगळे चौकशीला हजर आहेत. तू म्हणतोस ते लेन्सला फोटो देणं इथे अचूक लागू पडतं बघ.

अटक जुलैत झाली, सीबीआयने केली, रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना. स्टेशन मास्तर त्यात नव्हता.

निखिल२१
पण तिघांत एक नाव मुस्लिम होतं. ते लपवायचं का?

सरिता ताई
नाही लपवायचं. तिन्ही नावं वाचायची आणि तिघांवरचे आरोप सारखेच आहेत हेही वाचायचं. घातपाताचा आरोप एकावरही नाही. आरोप आहे तो सदोष मनुष्यवधाचा आणि पुरावा नष्ट करण्याचा. तोही अजून आरोपच. तिघांतलं एकच नाव उचलून 'बघा, आम्ही म्हणत होतो' अशा पोस्ट परत आल्या. त्यात मूळ दावा बदललेला असतो आणि ते पटकन लक्षात येत नाही. जून आणि जुलैच्या पोस्ट शेजारी शेजारी ठेवून काय बदललं ते अधोरेखित करायला लावा.

निखिल२१
शेजारी ठेवून बघतो. पूर्ण पटलं असं अजून म्हणत नाही.

सरिता ताई
जरूर बघ.

घाटवाट
आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पालघर. १६ एप्रिल २०२०, गडचिंचले. दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारलं. व्हिडिओत 'मार शोएब मार' ऐकू येतं असं पसरलं. प्रत्यक्षात कुणीतरी 'ओए बस, ओए बस' म्हणत होतं. तत्कालीन गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली, त्यात एकही मुस्लिम नव्हता.

फक्त आवाज ऐकवायचा, तोही तेवढाच कापून. व्हिडिओ दाखवायचा नाही, फार भयानक आहे. अर्ध्या वर्गाला काही न सांगता ऐकवा, अर्ध्याला आधी 'शोएब' हा शब्द सांगून. दोघांनी काय ऐकलं ते लिहून घ्या. आधी शब्द दिला की कान तोच शोधतो.

आबोली
इथे माझी हरकत. माणूस मरतानाचा आवाज सतरा वर्षांच्या मुलांना ऐकवू नये. तोच मुद्दा कुठल्याही अस्पष्ट गाण्याच्या ओळीने दाखवता येतो.

घाटवाट
गाण्याने गांभीर्य जातं असं मला वाटतं. पण तुमचं म्हणणं कळतंय, विचार करतो.

पिंपळपान
धाग्याशी थेट संबंध नाही, पण श्लोकांच्या पोस्टचं काय? 'अहिंसा परमो धर्मः, धर्म हिंसा तथैव च' हे महाभारतातलं म्हणून सारखं येतं.

सरिता ताई
संबंध आहे की! महाभारताच्या अनुशासनपर्वात 'अहिंसा परमो धर्मः'च्या पुढे 'तथाहिंसा परो दमः' येतं. पुढच्या ओळीतही अहिंसेचीच थोरवी आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती ग्रंथालयात असेल तर मुलांना पान उघडून दाखवा. कुराणाच्या आयतींनाही हीच रीत. सुरा आणि आयत क्रमांक दिलाय का, तो अस्तित्वात आहे का (सुरा ११४ च आहेत), आणि आधीच्या-नंतरच्या चार-पाच आयती काय म्हणतात. क्रमांकच नसलेलं अवतरण तपासलं जाईपर्यंत बाजूला ठेवायचं.

कोकणी मेवा
अशी पोस्ट दिसली तर १९३० वर फोन करायचा ना?

माधवी_डोंबिवली
१९३० पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. अशा पोस्टसाठी cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. आधी तारखेसकट स्क्रीनशॉट आणि पोस्टची लिंक जपून ठेवा, पोस्ट पुसली तर हातात काही उरत नाही.

कोकणी मेवा
बरं झालं विचारलं. आबोली, त्या ए-फोरची फाइल टाकाल का? सोमवारी तास आहे.

आबोली
रात्री टाकते. उपग्रह दृश्यातली नावं झाकलेली एक प्रत आणि उघडी एक, दोन्ही देते.