पेशंटला घेऊन परळला राहताना: टाटाच्या आसपासची सोय, रांगा

पुढच्या आठवड्यात मामांना लातूरहून टाटाला न्यायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी राहण्याचे आणि रांगांचे अनुभव लिहा. धर्मशाळेची खोली आधी फोनवर बुक होते का?

वैशाली_जळगाव
आम्हालापण तेच वाटलेलं. मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी फोन केला तर म्हणाले हॉस्पिटलची चिठ्ठी आणा. ती चिठ्ठी समाजसेवा विभागातून मिळते आणि तिथे पहिला प्रश्न फाईल नंबर, म्हणजे आधी केसपेपर, मग बाकी सगळं. चिठ्ठी मिळाली तरी खोली रिकामी पाहिजे ना, आमचा नंबर पाचव्या दिवशी लागला. तोवर एका लॉजवर होतो, रोजचे बाराशे, आणि चौथ्या रात्री मालकाने पेशंट आहे म्हणून अजून दोनशे वाढवले. तेव्हा पहिल्या चार-पाच रात्रींचे पैसे वेगळे काढूनच निघा.

बंड्या
पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर योजनेत सगळं फुकट होतं, राहणंसुद्धा.

वैशाली_जळगाव
राहणं नाही हो बंड्याभाऊ. जन आरोग्य योजनेत ठरलेले उपचार बसतात, तेही मंजुरी आल्यावर. आमचे सुरुवातीचे स्कॅन मंजुरीच्या आधी झाले, ते खिशातूनच गेले. कार्ड मात्र ओरिजिनल न्या, आमच्या कार्डावर बाबांचं नाव आधारपेक्षा वेगळं होतं त्यात दोन दिवस गेले.

सांगलीकर
रांगेचं म्हणाल तर मी पहाटे साडेपाचला जाऊन उभा राहिलो, पण अडकलो दुसरीकडेच. गावच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा नुसता रिपोर्ट दिलेला. इथे स्लाइड आणि ब्लॉक मागतात, ब्लॉक म्हणजे तो मेणाचा तुकडा, कारण ते स्वतः परत तपासतात. भाऊ रात्रीच्या एसटीने सांगलीला गेला, लॅब रविवारी बंद, आमचे तीन दिवस लॉजवर फुकट. मामांची बायोप्सी झाली असेल तर आजच लॅबला फोन करा. आणि दोघं जा, एक रांगेत आणि एक पेशंटजवळ, नाहीतर बाथरूमलापण जाता येत नाही.

मीनल
आम्ही पुण्यात होतो, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, हॉस्पिटलसमोरच पीजी मिळालं. मेसचा डबा चांगला होता पण तिखट फार.

रेल्वेवाला
जाताना पूर्ण तिकीट पडेल, पण तिथे सवलतीचा फॉर्म सही-शिक्का करून घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटला पूर्ण माफी, सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के. दर फेरीला उपयोगी पडतो.

धागाकर्ता
लॅबला आत्ताच फोन केला. ब्लॉक आहे, पण मामांनी स्वतः येऊन सही करा म्हणतायत आणि मामांना जिना उतरवत नाहीये. पत्रावर चालतं का कुणाला माहितीये?

सांगलीकर
आमच्या भावाला आधारच्या झेरॉक्सवर दिलेला, तुमच्याकडचं माहीत नाही. सकाळी स्वतः जाऊन विचारा, फोनवर नाहीच म्हणतात.