मदत हवी आहे: सणाच्या जाहिरातीत ग्राहकाचा अभिप्राय किती कापला तर चालतो?

निळीशाई: बेडशीटच्या सणाच्या कॅम्पेनसाठी सहा अभिप्राय हवेत, उद्या दुपारी डिझायनरला द्यायचे आहेत. जागा प्रत्येकी ९० अक्षरांची. सगळे अभिप्राय खरे आहेत, पण लांबलचक. सगळ्यात चांगला हा आहे:

"रंग फोटोपेक्षा थोडा फिका निघाला, पण कापड खूप मऊ आहे. दोनदा धुतलं, अजून तरी रंग गेला नाही. पाहुणे आले की हीच चादर घालते. डिलिव्हरीला मात्र आठ दिवस लागले."

मी असं केलंय: "कापड खूप मऊ आहे... रंग गेला नाही... पाहुणे आले की हीच चादर!" शब्द तर सगळे तिचेच आहेत. चालेल ना? लवकर सांगा.

थेटबोल: चालेल. गाळलं तिथे तीन टिंबं घातलीत, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की मध्ये काहीतरी होतं. फक्त शेवटचं उद्गारचिन्ह काढा, ते तिचं नाही.

कात्रण: उद्गारचिन्हाचं बरोबर आहे, टिंबांचं नाही. टिंबं दिसली की काहीतरी गाळलंय एवढंच कळतं, काय गाळलंय ते कळत नाही. इथे गाळलंय "दोनदा धुतलं, अजून तरी". ती बाई सांगतेय दोन धुण्यांपुरतं आणि वाचणारा समजणार की रंग जातच नाही. गाळायचं तर पूर्ण मुद्दा गाळा. मुद्दा ठेवून त्याची मर्यादा तेवढी उडवू नका. "अजून तरी", "माझ्या मते", "थोडं", "एका आठवड्यात" हे शब्द ज्या वाक्यात आहेत त्यातच राहिले पाहिजेत.

निळीशाई, काही माहिती द्या. जाहिरातीत बाकी मजकूर काय आहे? चादरीचा फोटो कुठला आहे? अभिप्राय केव्हाचा? आणि तो छापायला तिची परवानगी घेतलीय का?

निळीशाई: फोटो वेबसाइटवरचाच आहे. मथळा "सणाआधी घरपोच, नव्या रंगांत". अभिप्राय वेबसाइटवर कुणालाही दिसतो, मग परवानगी कशाला? बाकीच्या गोष्टींचा आणि कापण्याचा संबंध कळला नाही.

कात्रण: संबंध तिथेच आहे. काय कापता येईल हे अभिप्राय एकटा वाचून ठरत नाही, तो ज्या चौकटीत बसणार ती बघूनही ठरतं. मथळा फक्त मऊ कापडाबद्दल असता तर डिलिव्हरीचं वाक्य बिनधास्त गाळता आलं असतं. पण तुम्ही "सणाआधी घरपोच" म्हणताय आणि ज्या अभिप्रायातून आठ दिवसांचं वाक्य काढलंय तोच त्याखाली छापताय. त्या वचनाला बाध आणणारी गोष्ट तिने लिहिली होती, ती तुम्ही झाकली.

रंगाचं याहून वाईट. ती ज्या फोटोबद्दल "फिका निघाला" म्हणतेय तोच फोटो तुम्ही तिच्या शब्दांशेजारी लावताय. एक तर ते अर्धं वाक्य ठेवा, नाही तर चादर दिवसाच्या उजेडात पुन्हा शूट करून फोटो बदला.

रेघ: जागा नाही ही सबब इथे टिकत नाही. हे मोजून पाहिलं:

"रंग फोटोपेक्षा थोडा फिका निघाला, पण कापड खूप मऊ आहे. दोनदा धुतलं, अजून तरी रंग गेला नाही."

काना-मात्रा, विरामचिन्हं, मोकळ्या जागा धरून ८९ भरतात. अवतरणचिन्हं डिझायनर वेगळी टाकतोच. गाळलेलं सगळं शेवटाचं, आतल्या एकाही शब्दाला हात लावलेला नाही.

थेटबोल: अहो, पण जाहिरातीत पहिलंच वाक्य "रंग फिका निघाला"? असं कोण छापतं? ग्राहक तिथेच पान उलटणार.

रेघ: मग हा अभिप्राय वापरूच नका, दुसरा घ्या. किंवा "…कापड खूप मऊ आहे." एवढाच घ्या, फोटो बदलून आणि मथळ्यातलं "घरपोच" काढून. माझं स्वतःचं मत विचाराल तर "थोडा फिका, पण मऊ" हे वाचून शब्दांवर विश्वास बसतो. सहाच्या सहा गोडगोड असले की ते ऑफिसात बसून लिहिल्यासारखे वाटतात.

सुलभा१२: अभिप्राय मागतानाच नीट मागितले तर कापावे लागत नाहीत. "कसं वाटलं?" विचारण्यापेक्षा "किती दिवस वापरलं, किती वेळा धुतलं, काय आवडलं, काय खटकलं" असे चार प्रश्न फॉर्ममध्ये टाका. उत्तरं आपोआप छोटी येतात.

निळीशाई: फॉर्म पुढच्या वेळी. उद्या दुपार आहे हो! अजून एक आहे: "Nice sheet, soft. Good for the price." याचं मराठी "अप्रतिम चादर, रेशमासारखी मऊ, या सणाला घ्यायलाच हवी" असं केलंय. आणि अभिप्राय १४० आहेत, त्यातले पाच तारेवालेच बघतेय.

कात्रण: हा अभिप्राय भाषांतरात फुगलाय. Nice म्हणजे छान, अप्रतिम नाही. रेशीम तिने कुठे आणलं? "किमतीच्या मानाने चांगली" ही तिची अट होती, तीही गेली. "छान चादर, मऊ. किमतीच्या मानाने चांगली." बस. खाली "इंग्रजीवरून भाषांतर" लिहा. आणि सण तिच्या तोंडी घालू नका, तिने तो शब्द उच्चारलेला नाही. सणाची ओळ अवतरणचिन्हांच्या बाहेर, तुमच्या आवाजात, वेगळ्या टाइपात.

पाच तारेवाल्यांतूनच निवडायचं असेल तर शेजारी सगळ्या १४० ची सरासरी आणि संख्या द्या. शिवाय चार तारेवाले वाचाच. सगळ्यात नेमकं बहुधा तेच लिहितात, पाचवाले बरेचदा "सुपर" लिहून मोकळे होतात.

मृगजळ: आमच्याकडे व्हिडिओ अभिप्राय आहेत, तीन-तीन मिनिटांचे. बोलणं कापलं की चेहरा उडी मारतो, म्हणून मध्ये प्रॉडक्टचे शॉट टाकतो. त्याला काही हरकत?

रेघ: शॉटला नाही. पण शॉटखाली "पण" किंवा "सुरुवातीला" लपत असेल तर तीच चूक, फक्त दिसत नाही. कापल्यानंतर चित्र बंद करून नुसता आवाज ऐका आणि मूळ बोलण्याशी ताडून बघा.

निळीशाई, मजकुरालाही असंच करा. कापलेली ओळ मूळ न वाचलेल्या एखाद्याला द्या आणि विचारा, "या चादरीकडून काय अपेक्षा ठेवशील?" तो "रंग कधीच जाणार नाही" म्हणाला तर कात्री चुकीच्या जागी चाललीय.

कात्रण: परवानगीचं राहिलं. वेबसाइटवर दिसतो म्हणजे जाहिरातीत वापरायला दिला असं होत नाही. कापलेली ओळ, नाव कसं येणार ते आणि कुठे छापणार ते, तिन्ही एकाच निरोपात पाठवून "असं छापलं तर चालेल का?" विचारा. उद्या दुपारपर्यंत ज्यांचं उत्तर येईल तेवढेच घ्या. सहाऐवजी चार झाले तरी हरकत नाही. आणि अभिप्रायाच्या बदल्यात कूपन दिलं होतं का?

निळीशाई: काहींना दिलं होतं, पुढच्या खरेदीवर सूट. कुणाला ते बघावं लागेल.

थेटबोल: सूट तर सगळेच देतात, त्यात काय लिहायचं?

कात्रण: पाच तारे दिले तरच सूट, अशी अट असेल तर तो अभिप्राय वापरूच नका. नुसतं लिहिण्याबद्दल असेल तर खाली "अभिप्रायाबद्दल सूट मिळाली" एवढी ओळ लिहा.

थेटबोल: इतक्या लहान चौकटीत ती ओळ वाचणार कोण? मला नाही पटत.

निळीशाई: ८९ वालीच घेते. तिला आत्ताच मेसेज टाकला. फोटोग्राफर उद्या सकाळी येऊ शकतो, पण मथळ्यातलं "सणाआधी घरपोच" काढायला वरून होकार मिळेल असं वाटत नाही.

रेघ: मग शब्दांना तारीख जोडा: "अमुक तारखेपर्यंत ऑर्डर दिल्यास". आठ दिवस लागतात हे तुमच्याच ग्राहकाने लिहिलंय, तेव्हा निदान तेवढे दिवस मागे मोजून. अभिप्राय कधीचा ते मात्र तुम्ही अजून सांगितलं नाही. मधल्या काळात कापड बदललं असेल तर तो या चादरीबद्दल नाहीच.