विनोद ठेवायचा, पण आमच्या राजाला बोचू नये: पोस्ट कशी बदलू?

विंगेतला, डिचोली
जत्रेच्या नाटकाची पोस्ट मंडळाच्या फेसबुक पानावर टाकायची आहे. मसुदा असा: "तिसरी घंटा ठीक साडेनऊला. यंदा प्रॉम्प्टर दोन. एक सगळ्यांसाठी, दुसरा खास आमच्या राजासाठी. राजा गावचा पंच आहे, मागून कुणी सांगितल्याशिवाय त्याला तोंड उघडायची सवय नाही." तालमीत सगळे पोट धरून हसले. पण त्या दिवशी राजा तालमीला नव्हता. हसू राहील आणि बोचणं जाईल असं काय करता येईल?

पेडणेकर
एक अक्षर बदलू नको. तियात्रातली कांतारं ऐक जरा. आमदार-मंत्र्यांची नावं घेऊन गातात आणि लोक 'वन्स मोअर' देतात. पंचाचं तर नावही तू घेतलेलं नाहीस. खुर्ची हवी तर चिमटाही सोसावा. बोचणं काढलंस की उरते पाणी घातलेली सोलकढी.

फोंड्याची बाय
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी पाण्याच्या टँकरवरून विनोद टाकला होता आणि खाली लिहिलं, "कुणाला उद्देशून नाही, गमतीत घ्या." तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ती ओळ वाचल्यावर सगळे शोधायला लागले, कुणाला असेल म्हणून. सेक्रेटरी अजून जिन्यात भेटला की मान फिरवतो. तेव्हा ती ओळ आणि ते हसरे चेहरे तेवढे घालू नका. बाकी नाटक कुठलं आहे? आमच्याकडे जत्रेला पौराणिकच लागतं.

तिसरी घंटा
पेडणेकरबाब, कांताराची गोष्ट अर्धीच खरी. तिथं गाणारा समोर उभा असतो, चाल असते, तिकीट काढून आलेले लोक कुणाची तरी टर उडणार हे धरूनच बसलेले असतात. पोस्टचं तसं नाही. कोणी तरी तिचा फोटो काढतो, वरची जत्रेची ओळ कापतो आणि वॉर्डाच्या ग्रुपवर टाकतो. तिथं पोचते फक्त शेवटची ओळ. तीही पंचायत निवडणुकीच्या हवेत.

आता मसुदा. यात हसू एका ठिकाणी आहे आणि काटा दुसऱ्या. हसू येतं ते 'प्रॉम्प्टर दोन' या कल्पनेला: नाटक बसलेलं नाही, हे मंडळ स्वतःच जाहीर करतंय. काटा आहे 'पंच आहे' या दोन शब्दांत. ते आले की प्रॉम्प्टर विंगेतून उठून पंचायतीत जाऊन बसतो आणि विनोद आरोप होतो, की हा माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावरून हात वर करतो. तालमीत लोक हसले ते बहुधा यालाच, म्हणून काढायला जीवावर येतं.

लोक काटा काढतात तो चुकीच्या जागी. "आमचे राजे कधीकधी जरासे विसराळू आहेत" असं लिहितात. 'कधीकधी' आणि 'जरासे'नं हसू बुडतं, पंचाचा उल्लेख तसाच राहिला तर बोचणंही राहतं. मवाळ शब्द घालू नकोस, विनोदाचा रोख फिरव.

पेडणेकर
रोख फिरवून कुणाकडे? माटवातल्या खांबाकडे?

तिसरी घंटा
स्वतःकडे. दशावतारातला संकासूर बघ. भटजीची रेवडी उडवतो, प्रेक्षकांना टोमणे मारतो, आणि कुणाला राग येत नाही. का? तो स्वतःच लालभडक जीभ लोंबणारा, वेद पळवणारा विदूषक, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. टोमणा मारणाराच सगळ्यांत हास्यास्पद असला की टोमणा गोड लागतो. तुझ्या मसुद्यात मंडळ शहाणं आणि राजा मूर्ख. ते उलट कर:

"तिसरी घंटा ठीक साडेनऊला. यंदा प्रॉम्प्टर दोन. एक कलाकारांना सांगायला, दुसरा पहिल्याला."

'पहिल्याला'वर थांब. त्यापुढे शब्द घातलास तर हसू त्या शब्दाखाली दबेल.

वकिलीण, म्हापसा
"नाव घेतलेलं नाही" यावर विसंबू नका. बदनामीसाठी नाव लागत नाही, वाचणाऱ्याला माणूस ओळखता आला की पुरे. राजाचं काम करणारा पंच गावात एकच असणार. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये उपरोधानं केलेलं विधानही बदनामी ठरू शकतं असं स्पष्टीकरण आहे. जुन्या 499 मध्येही तेच होतं. म्हणून "विनोद होता" एवढ्यानं सुटका होत नाही. अर्थात एवढ्याशा ओळीवरून कोण कोर्टात जाईल असं मला वाटत नाही. जत्रेची पावती फाडायचं मात्र बंद करील.

पेडणेकर
म्हणजे पंचावर कुणी बोलायचंच नाही? उद्या ग्रामसभेतही 'दुसरा पहिल्याला' म्हणत बसू?

तिसरी घंटा
ग्रामसभेत सरळ विचार, कुठल्या ठरावाला कुणाच्या सांगण्यावरून हात वर केलास. तिथं बोचलंच पाहिजे. इथं मंडळाला त्याच्याकडून नाटक करून घ्यायचंय. टीका करायची तर मंडळाच्या पानाआड लपून कशाला?

विंगेतला
टीका नाहीच करायची. माणूस चांगला आहे, पाठांतर तेवढं कच्चं. पण राजाचा उल्लेख पूर्ण गेला तर गावची मजा जाते. लोक त्याला बघायलाच येतात.

तिसरी घंटा
मग विनोद त्याच्याच तोंडी घाल, त्याला विचारून: "आमचे राजे म्हणतात, पंचायतीत प्रॉम्प्टर नसतो, तिथं सगळं पाठ करून जावं लागतं. इथं कसा आराम आहे." पंच, प्रॉम्प्टर, पाठांतर, तिन्ही राहिले. पण बोलणारा तो, म्हणून वरचढही तोच. वाचून दाखवल्यावर तो स्वतः त्यात एखादा शब्द घालायला लागला तर खुशाल टाक. नुसतं "टाका, टाका, माझं काय" म्हणाला तर टाकू नको.

पेडणेकर
ही तर पंचाची जाहिरात झाली. निवडणुकीला फुकटचा प्रचार. विरोधी पॅनलवाले विचारणार, मंडळ कुणाचं? एकाला बोचू नये म्हणून दुसऱ्या अर्ध्या गावाला बोचवलंत.

तिसरी घंटा
हे मात्र मला सुचलं नव्हतं. निवडणूक जवळ असेल तर दोन प्रॉम्प्टरवालंच बरं.

फोंड्याची बाय
त्यात प्रॉम्प्टर बिचारा कोण? कुणी म्हातारे मास्तर असतील तर?

विंगेतला
बाय, बरोबर ओळखलंत. निवृत्त मास्तरच आहेत, हल्ली ऐकायला कमी येतं. "दुसरा पहिल्याला" वाचून ते कानावरच घेतील.

वकिलीण, म्हापसा
पंच निदान उलट उत्तर तरी देईल. मास्तर घरी बसतील.

तिसरी घंटा
मग प्रॉम्प्टर एकच ठेव आणि रोख सगळ्या कलाकारांकडे ने: "प्रॉम्प्टर एकच आहे. पुढच्या रांगेत बसणाऱ्यांनी नाटक दोनदा ऐकायची तयारी ठेवावी." मास्तर इथं कामाचा एकटा माणूस, बाकी सगळे कच्चे. राजाही त्यात आला, पण एकटा नाही.

पेडणेकर
हे हसण्यासारखं आहे, कबूल. तरी मूळचं जास्त हसवतं.

विंगेतला
मलाही तसंच वाटतं. उद्या तालमीला राजा आणि मास्तर दोघेही आहेत, त्यांच्यासमोर वाचतो.

पेडणेकर
वाच. आणि मी पुढच्या रांगेत बसून मूळची ओळ ओरडणार आहे.

तिसरी घंटा
तिथं खुशाल ओरड. त्याला उत्तर द्यायला राजा समोरच असेल.