राखाडी स्वेटरवर कोणत्या रंगाचा स्टोल? आपापले अनुभव सांगा

माझ्यापासून सुरू करते. शाळेत जायला सकाळी साडेसहाला निघावं लागते, गावाकडे तुरीच्या पानांवर दव पडलेलं असते, आणि माझ्याकडे एकच स्वेटर, उंदरासारखा राखाडी. आठवडी बाजारातून फिका गुलाबी स्टोल आणला, वाटलं चेहरा खुलंल, पण सगळ्याच मॅडम विचारत होत्या बरं नाही का म्हणून. तुम्ही काय घालता?

शिवणकाम_काकू: बाई, तुमच्या गुलाबीचा दोष नाही, त्याचा फिकेपणा अन् स्वेटरचा फिकेपणा सारखाच आहे, म्हणून दोन्ही एकमेकात मिसळून जाते. मी गिऱ्हाइकाला सांगते, दोन्ही कपडे बाजूबाजूला ठेवून मोबाइलमधी फोटो घ्या अन् काळा-पांढरा करून पाहा. दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर तो स्टोल घेऊ नका. तुमच्या स्वेटरवर हळदीसारखा पिवळा किंवा गडद मरून उठून दिसंल. पण दुकानातल्या लाइटमधी ठरवू नका, दारात नेऊन उजेडात पाहा, आतला मरून बाहेर चॉकलेटी निघते कधीकधी.

विहीरवाला: उलट रंग घ्यायचा, विषय संपला. निळ्यावर नारंगी, हिरव्यावर लाल. मी बायकोला असाच आणून देतो.

शिवणकाम_काकू: निळ्यावर नारंगी खरं आहे दादा, पण राखाडीला उलट रंग कोणता घेणार? अन् बाटलीहिरव्यावर तितकाच गडद लाल घेतला तर दुरून दोन्ही काळपटच दिसते. राखाडीत पण फरक आहे. स्वेटरजवळ पांढरा कागद धरा, निळसर झाक दिसली तर पिवळा मस्त, मातकट दिसली तर मरून किंवा विटकरी बरा.

गोंदियाची_सून: माझं वेगळंच आहे, लाल ओढणीचा रंग क्रीम स्वेटरच्या गळ्यावर उतरला, दवात भिजली होती. कसा काढू?

शिवणकाम_काकू: गरम पाणी लावू नका, लोकर आटते. डागाचं मला पक्कं सांगता येत नाही. पुढच्या वेळी घ्यायच्या आधी ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून पाहा, रुमालाला रंग लागला तर घेऊच नका.

आरमोरीकर: आमच्याकडच्या कोसा रेशमाचा विचार करा ना. रंग न दिलेला कोसा मधासारखा असते, राखाडीवर माझ्या आईला छान दिसते. माझ्या खाकी जाकिटावर तोच पार हरवला.

विहीरवाला: अन् काळ्या कोटावर? मी म्हणतो लाल, बायको म्हणते पांढरा.

गोंदियाची_सून: पांढरा धुळीत दोन दिवस नाही टिकत.

मी काल हळदी रंगाचा आणला, दारात उभी राहून पाहिला. आज पहिल्याच तासाला एक पोरगी म्हणाली, मॅडम, आज तुमचा पोळा आहे का?