मदत हवी आहे: डांगराच्या देठाजवळचा डाग, फोटोवरून काय वाटतं?

चोपडा भागातली डांगरं, तोडून 12 दिवस झाले. देठ चार बोटं ठेवून कापलेत, पत्र्याच्या शेडमध्ये कडब्यावर एकेक सुटी मांडलीत. उन्हात ठेवली नाहीत, कारण आपल्याकडच्या उन्हात साल सुकण्याऐवजी भाजते.

पहिल्या फोटोतला पिवळट चट्टा फळ जमिनीला टेकलेल्या बाजूचा आहे. तिथे साल टणक आहे, नख रुतत नाही, त्यामुळे त्याची काळजी नाही. चांगल्या फळांचा देठ वाळून बुचासारखा झालाय आणि सालीची चकाकी गेली आहे.

अडलंय ते दुसऱ्या फोटोवर. देठ हिरवट, ओलसर आहे आणि त्याच्या बुडाशी पाणी मुरल्यासारखं तपकिरी कडं दिसतं. तीन दिवसांपूर्वी रुपयाएवढं होतं, आता दुप्पट झालंय. अंगठ्याने दाबलं तर साल आत जाते. वर बुरशी किंवा काळे ठिपके अजून नाहीत. तिसऱ्यात देठ तुटलेला आहे, पण खळगा कोरडा आणि कडक.

दुसरं फळ लगेच वेगळं काढलंय. ही काळी कूज नावाची बुरशी शेतातूनच आली असेल, की कापताना झालेल्या जखमेतून जिवाणू शिरले? शेजारची सहा फळं आधी विकावीत का? मऊपणा फोटोत कळत नाही, म्हणून बाजूला नाणं ठेवून रोज त्याच उजेडात फोटो काढतोय. फळ कापून आतला फोटो हवा असेल तर सांगा.