मदत हवी आहे: हे अंडं हुकवर्मचं की साल गेलेल्या अस्कॅरिसचं?

विष्ठेच्या नमुन्याच्या सलाईन माउंटमध्ये ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली एक लंबगोल अंडं दिसतंय. वरचं खडबडीत, तपकिरी आवरण अजिबात नाही, त्यामुळे बॅचमधल्या बहुतेकांनी 'हुकवर्म' लिहून टाकलं. मला पटत नाहीये.

हुकवर्मचं कवच अगदी पातळ, एका रेघेसारखं असतं. आत ४ ते ८ पेशी आणि त्यांच्याभोवती स्वच्छ मोकळी जागा. इथे फाइन फोकस फिरवला की कवचाच्या दोन ठळक कडा दिसतात आणि आत एकच दाणेदार गोळा आहे, तुकडे पडलेले नाहीत. नमुना ताजा होता. मायक्रोमीटरवर लांबी २६ घरं भरली. आमचं एक घर २.५ मायक्रॉनचं, म्हणजे ६५ मायक्रॉन. पण ही लांबी दोन्हींत बसते, त्यामुळे मोजूनही हात रिकामेच!

सॅच्युरेटेड मिठाच्या पाण्यात हुकवर्मही तरंगतं आणि फलित अस्कॅरिसही, म्हणजे तोही मार्ग बंद. माझा कौल अस्कॅरिसलाच आहे. पण अशा वेळी रिपोर्ट कवचाच्या जाडीवरूनच देता, की त्याच नमुन्यात आवरण शाबूत असलेलं अंडं सापडेपर्यंत आणखी स्लाइड बघता? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.